तीन नंबरचं लेणं, भद्रायणीय भिक्षू आणि ‘करतो कोण, भोगतो कोण?’

कातळरेघ

पांडवलेणीतल्या तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख नाशिककरांनी निदान ऐकलेला तरी असतोच. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, क्षहरातांचा नायनाट, तीन समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे, हे सगळं शाळेत पाठ केलं होतं. परवा लेखाचं वाचन पुन्हा चाळत होतो तर भलत्याच ठिकाणी अडकलो. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी आजीबाईंनी हे लेणं दान दिलं, ते भद्रायणीय निकायाच्या, म्हणजे त्या बौद्ध पंथाच्या, भिक्षुसंघाला.

भद्रायणीय ही वात्सीपुत्रीयांची शाखा, आणि वात्सीपुत्रीय म्हणजे पुद्गलवादी, कर्माचं ओझं वाहणारी कोणीतरी ‘व्यक्ती’ असते असं मानणारे. बाकीचे बौद्ध ज्यांना ‘तुम्ही मागच्या दाराने आत्मा घरात घेतलात’ असं हिणवायचे, तेच हे. म्हणजे अनात्मवादावरची बौद्धांची सगळ्यात कडवट घरगुती भांडणं ज्यांच्याशी झाली, त्यांचा मुक्काम आपल्या मुंबई नाक्यापासून थोड्याच अंतरावर होता.

तर प्रश्न असा. आत्मा नाही, पण कर्माचं फळ आहे. केलं एकाने आणि भोगलं दुसऱ्याने, तर तो अन्याय. ज्याने केलं त्यानेच भोगलं, तर मग तो आत्माच झाला. यावर मिलिंदप्रश्न या पाली संवादग्रंथात भिक्षू नागसेनांनी मिलिंद राजाला दिलेलं आंबेचोराचं उत्तर प्रसिद्ध आहे. चोर म्हणतो, ‘मालकाने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी झाडावरून तोडले ते वेगळे, सबब मी निर्दोष.’ मिलिंद राजा म्हणतो, तरीही तो दोषीच, कारण हे आंबे त्या आंब्यापासूनच झाले.

मला हे पटत नाही. गोष्टीत बदलतो तो आंबा. चोर मात्र रात्री झाडावर चढल्यापासून सकाळी राजापुढे उभा राहीपर्यंत तोच आहे. प्रश्न चोराचा होता आणि उत्तर आंब्याचं मिळालं! लेण्यातल्या भिक्षूंनाही हे उत्तर अपुरं वाटलं असावं असा माझा संशय आहे. जाणकारांनी लिहावं.

बिनधास्त_बाळू

म्हणजे लेणी पांडवांनी खोदली नाहीत हे आता पक्कं ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दर पावसाळ्यात राडा होतो.

कातळरेघ

बाळूभाऊ, ते कधीचंच पक्कं आहे. विषय तो नाही.

गोदाकाठ

माझं साधं म्हणणं आहे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने ‘आत्मा आहे का?’ विचारलं तेव्हा भगवान बुद्ध गप्प राहिले. ‘नाही का?’ विचारलं, तरी गप्प. नसता तर ‘नाही’ म्हणायला काय हरकत होती? आत्मा त्यांना मान्य होता, फक्त शब्दात सांगायचा नव्हता. अनात्मवाद हा पुढच्या पंडितांचा उद्योग.

आणि आत्मा न मानण्यातला दोष आमच्या नैयायिकांनी दोन शब्दांत मांडलाय, कृतनाश आणि अकृताभ्यागम. ज्याने केलं त्याला फळ मिळत नाही, आणि ज्याने केलंच नाही त्याच्या गळ्यात ते पडतं. पंचवटीत आम्ही रामकुंडावर पिंड देतो, ते कोणाला तरी पोचतं म्हणूनच ना? तुम्ही बौद्ध आत्म्याच्या जागी चित्ताचा नुसता प्रवाह मानता, त्या प्रवाहाला पिंड कोण देतो?

पाली_मास्तर

गोदाकाठ, अर्ध्यावर सोडू नका, ते सुत्त पुढेही वाचा. वच्छगोत्त उठून गेल्यावर शिष्य आनंद विचारतो की आपण उत्तर का दिलं नाहीत. भगवान कारण सांगतात. ‘आहे’ म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, आणि सर्व धर्म, म्हणजे सगळ्या गोष्टी, अनात्म आहेत या ज्ञानाशी ते जुळलं नसतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर आधीच गोंधळलेला वच्छगोत्त म्हणाला असता, ‘पूर्वी माझा आत्मा होता, आता तो गेला.’ मौनाचं कारण तो ऐकणारा माणूस होता. लपवून ठेवलेला आत्मा तिथे निघत नाही. शिवाय अनत्तलक्खण सुत्त पहिल्या पाच शिष्यांना सारनाथलाच सांगितलेलं आहे, ती पुढच्या पंडितांची भर असल्याचं परंपरा मानत नाही.

आता कातळरेघ. तुमची शंका चांगली आहे. पण नागसेन त्याच ठिकाणी आणखीही उदाहरणं देतात. एकाने लहान मुलीसाठी शुल्क भरून मागणी घातली आणि तो निघून गेला. ती मोठी झाली, दुसऱ्याने तिच्याशी लग्न केलं. पहिला परत आल्यावर दुसरा म्हणतो, ‘तू मागणी घातलीस ती लहान मुलगी वेगळी, ही तरुणी वेगळी.’ इथे बदलतं ते माणूसच आहे.

कातळरेघ

मास्तर, पण ती मुलगीही आंब्याच्याच जागेवर आहे हो. हक्क कोणाचा हा तंटा, आणि ती त्या तंट्यातली वस्तू. शेकोटी पेटवून निघून गेला आणि शेजाऱ्याचं शेत जळालं, त्या गोष्टीतही आग बदलते, पेटवणारा नाही. एकाही गोष्टीत कर्ता बदलत नाही!

पाली_मास्तर

मान्य. मला वाटतं नागसेनांनी हे जाणूनच केलं असावं. कर्त्याला वेगळं उभं केलं की तो कोण हा प्रश्न येतोच, म्हणून ते फक्त कृती आणि तिचा परिणाम यांची साखळी दाखवतात. एका नामरूपाने, म्हणजे मन-शरीराच्या जोडीने, कर्म केलं, त्या कर्माने दुसरं नामरूप जन्मलं, म्हणून दुसरं पहिल्याच्या कर्मातून सुटलेलं नाही. बस. ‘तोही नाही आणि दुसराही नाही’ हे त्यांचं सूत्र.

पण हे ऐकून अस्वस्थ होणारे तुम्ही पहिले नाही. महापुण्णम सुत्तात एका भिक्षूच्या मनात हेच येतं. पाचही स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते शरीर-मनाचे पाच गट, अनात्म आहेत, मग अनात्म्याने केलेली कर्मं कोणत्या आत्म्याला शिवणार? भगवान त्याला हा प्रश्न तृष्णेतून आलाय असं सुनावतात आणि पुन्हा स्कंधांच्या अनित्यतेकडे वळतात. माझ्यासारख्या मास्तराला वाटतं, मुलाने बरोबर जागी हात वर केला होता.

पुद्गलवादी त्याच जागी उभे राहिले. त्यांचा आधारही सुत्तांतलाच होता. भारहार सुत्तात पंचस्कंधांना ओझं म्हटलंय आणि ओझं वाहणारा कोण, तर पुद्गल, अमुक नावाचा, अमुक गोत्राचा माणूस. त्यांचं म्हणणं असं की ओझं आणि ते वाहणारा एकच असते तर भगवानांनी दोन गोष्टी सांगितल्याच नसत्या.

बिनधास्त_बाळू

त्या लेण्याच्या व्हरांड्याखाली ओझं उचललेले यक्ष कोरलेत, ते पुद्गल का?

पाली_मास्तर

बाळू, ते यक्षच. पण मी एकदा मुलांना तिथेच उभं करून हे सुत्त शिकवलंय, तेव्हा तुला फार बोलता येत नाही.

रविवार_कारंजा

धागा वाचतोय. मला पालीतलं कळत नाही, पण ही अडचण ख्रिस्ती धर्मचिंतनात जशीच्या तशी आहे आणि तिथली मांडणी इथे उपयोगी पडेल.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरच्या निबंधाच्या १६९४ च्या आवृत्तीत ‘तोच माणूस’ कशावरून, या ओळखीवरचं प्रकरण घातलं, त्यामागे मोठी चिंता अंतिम न्यायाची होती. मेलेली माणसं उठणार, देव निवाडा करणार, तर शिक्षा होणारा तोच माणूस कशावरून? शरीर कुजलेलं. आत्मा तोच असला तरी त्याला काहीच आठवत नसेल तर उपयोग काय? लॉकचं उत्तर, जाणीव जिथवर मागे पोचते तिथवर तो माणूस. ज्याचं भान नाही त्याचा जाब त्या दिवशी कोणाला द्यावा लागणार नाही. दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला न्यायालय शिक्षा करतं, कारण खरंच आठवत नाही की सोंग आहे हे न्यायाधीशाला कळू शकत नाही. देवाला कळतं.

आता ही फूटपट्टी कर्माला लावा. मागचा जन्म कोणालाच आठवत नाही. म्हणजे लॉकच्या हिशेबाने पुनर्जन्मातली जवळजवळ प्रत्येक शिक्षा निरपराधाला होते. गंमत अशी की गोदाकाठ यांचा आत्मा इथे वाचवत नाही. आत्मा तोच आणि आठवण शून्य, ही स्थिती लॉकने स्वतः तपासली आणि ‘तो माणूस नव्हे’ असंच म्हटलं. म्हणजे आत्मा मानून अकृताभ्यागम सुटला असं निदान आपोआप तरी होत नाही.

गोदाकाठ

लॉक साहेबांना अदृष्ट, म्हणजे कर्माचं आत्म्यात राहणारं न दिसणारं संचित, माहीत नव्हतं. संस्कार आत्म्यात राहतात, आठवण उद्बुद्ध झाली नाही म्हणून संस्कार नाहीत असं नाही. पण शिक्षा भोगणाऱ्याला कारण कळू नये हे मलाही बोचतं, ते खोटं कशाला बोलू.

माईंची_लेक

मी इथे सहसा फक्त वाचते. हे वाचून लिहावंसं वाटलं. आई चौऱ्याऐंशीची आहे, स्मृतिभ्रंश. तिचं आणि मावशीचं निफाडच्या द्राक्षबागेच्या वाट्यावरून फार जुनं भांडण आहे. आईने तेव्हा कागदावर अशी सही केली की मावशीचा हिस्सा गेला. चूक आईचीच होती, ती पूर्वी मला एकटीला कबूलही करायची. आता मावशी भेटायला येते आणि म्हणते, ‘एकदा फक्त चुकलं म्हण.’ आईला बाग आठवत नाही, भांडण आठवत नाही, कधी कधी मावशीही आठवत नाही. मावशी आली की हसते मात्र खूप.

तुमच्या लॉकप्रमाणे ही ती बाई नाहीच. मग मावशी कोणावर रागावली आहे? आणि मी आईच्या वतीने माफी मागितली तर ती माफी कोणाची?

रविवार_कारंजा

ताई, लॉकचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलंत, ‘ती’ नाही. पण तुम्हाला ते पटत नाही हेही दिसतंय, आणि त्याला कारण आहे. थॉमस रीड नावाच्या टीकाकाराने दाखवलं की म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणची लढाई आठवते, लढाईतल्या तरुणाला लहानपणी खाल्लेला मार आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. लॉकप्रमाणे सेनापती तोच तरुण, तरुण तोच मुलगा, पण सेनापती मात्र तो मुलगा नाही. हे कसं चालेल? म्हणून पुढच्यांनी थेट आठवणीऐवजी एकात एक अडकलेल्या आठवणींची साखळी धरली. तुमच्या आईची साखळी तुटलेली नाही, शेवटाकडे विरळ झालीय.

पाली_मास्तर

ताई, बौद्ध बाजूने बघितलं तर तुमच्या आईंना काय आठवतं यावर फार काही अवलंबून नाही. ती सही ज्या चित्तप्रवाहात झाली, त्याच प्रवाहातलं हे आत्ताचं हसणं आहे. वसुबंधू हा बौद्ध आचार्य म्हणतो की आठवण हा प्रवाहाचा एक परिणाम आहे, प्रवाह ओळखायची अट नाही. त्यामुळे जबाबदारी पुसली जात नाही.

आणि कर्म म्हणजे खटला नव्हे. तिथे न्यायाधीश नाही, म्हणून ‘आरोपी तोच का’ हे सिद्ध करायची गरज लॉकच्या देवाला पडते तशी पडत नाही. कारण असेल तर कार्य होतं. माफीबद्दल मी बोलू नये, पण मावशींना जे हवंय त्यातलं थोडं तुमच्याकडे आहे. आईंनी शुद्धीत असताना कबूल केलं होतं, हे मावशींना माहीत आहे का?

माईंची_लेक

नाही. कधी सांगितलं नाही. आईने शपथ घातली होती.

कातळरेघ

मास्तर, ‘न्यायाधीश नाही’ हे उत्तर मला महागडं वाटतं. मग वाईट कर्माचं फळ ‘योग्य’ होतं असं म्हणायचा अधिकारही सोडावा लागेल. डोंगरावरून दगड सुटला आणि खालच्याला लागला, इतकंच उरेल. परंपरा मात्र सरळसरळ म्हणते की तू केलंस म्हणून तू भोगतोस.

आणि दुसरं. कारण-कार्य एवढ्यानेच काम भागत असेल तर मास्तरांनी शिकवलेलं माझ्या डोक्यात आहे, म्हणजे त्यांचं चित्त माझ्या चित्ताचं कारण. मग मास्तरांचं कर्म मी का भोगत नाही?

पाली_मास्तर

हा खरा घाव. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या नवव्या भागात जवळपास हीच शंका येते. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला का आठवत नाही? उत्तर, कारण त्या दोन चित्तांत तसा कार्यकारणसंबंध नाही. एका प्रवाहात मागचं चित्त पुढच्याला लगेच जन्म देतं आणि बीज त्यातून पुढे पक्व होत जातं. माझं शिकवणं तुमच्यापर्यंत कानावाटे, शब्दावाटे पोचलं, तसं पोचलेलं नाही. यावर विरोधक विचारतो, ‘तसा संबंध म्हणजे कसा?’ आणि तुम्ही ‘एकाच प्रवाहातला’ म्हणालात तर वर्तुळ पुरं झालं. या जन्मात शरीर मदतीला असतं. एका मरणाकडून दुसऱ्या जन्माकडे जाताना तेही नसतं.

पुद्गलवाद्यांचं बळ इथे आहे. ते म्हणत, या स्कंधांना ‘याचे’ म्हणायला काहीतरी लागतं. पुद्गल स्कंधांहून वेगळा नाही, स्कंधच आहे असंही नाही. दृष्टान्त आग आणि सरपणाचा. सरपणाशिवाय आग दाखवता येत नाही, पण आग म्हणजे सरपण नव्हे. दोन्ही एकच असती तर जळणारं आणि जाळणारं एक झालं असतं. अगदी वेगळी असती तर सरपण तापलंच नसतं.

वसुबंधू त्यांना कोंडीत धरतो. पुद्गल खरोखरची वस्तू आहे की व्यवहारातलं नाव? वस्तू असेल तर स्कंधांपासून वेगळी दाखवा, आणि मग तुम्ही बाहेरच्या मतवाद्यांच्या पंगतीत. नाव असेल तर आमचंही तेच म्हणणं, भांडण कशाला? पुद्गलवादी म्हणत, दोन्ही नाही, ते सांगता येण्याजोगं नाही. हा वाद वसुबंधूच्याही कितीतरी आधीचा आहे, कथावत्थू या पाली वादग्रंथाची सुरुवातच पुद्गलापासून होते.

एक सावधगिरी. शिलालेखात फक्त निकायाचं नाव आहे. तीन नंबरमध्ये बसून कोणी काय शिकवलं ते दगडावर लिहिलेलं नाही. पुद्गलवाद्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास गेले, थोडे चिनी भाषांतरात उरले. आपण त्यांना मुख्यतः विरोधकांच्या तोंडून ऐकतो.

येवला_१९३५

जय भीम. सगळे पंडित बोलून झाले असतील तर एक सांगतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच हा प्रश्न विचारलाय. आत्मा नाही तर कर्म कसं, पुनर्जन्म कसा? आणि उत्तर देताना त्यांनी मागच्या जन्माचा हिशेब उचलून बाहेर टाकला. मेल्यावर शरीरातली द्रव्यं विश्वातल्या द्रव्यांत मिसळतात, त्यातून नवं घडतं. पण तोच माणूस पुन्हा येतो असं नाही. कर्माचा नियम जगाच्या नैतिक व्यवस्थेचा आहे, माणसाच्या वैयक्तिक खात्याचा नाही.

त्यांनी असं का केलं ते आम्हाला विचारा. ‘मागच्या जन्मी काहीतरी केलं असशील म्हणून या जातीत आलास’ हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी ‘भोगतो कोण’ हा तत्त्वज्ञानाच्या तासाचा प्रश्न नसतो. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली उभे होते त्यांना तो रोज विचारला जात होता. पुद्गल असो की प्रवाह, जो सिद्धान्त मागच्या जन्माचं कर्ज आजच्या पोरावर चढवतो तो मला नको.

पाली_मास्तर

या मांडणीने कातळरेघ यांचा दुसरा प्रश्न निकालात निघतो, मान्य. दोन जन्म जोडायचेच नसतील तर पूल लागत नाही. पण सुत्तांत प्रवाह जन्मापलीकडे जातो असं पुन्हा पुन्हा येतं, ते बाबासाहेबांनी जाणून, कारण देऊन बाजूला ठेवलं. वाचताना दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असाव्यात. आणि एकाच जन्मातला प्रश्न तुमच्यापुढेही उरतो. ताईंच्या आईचं काय?

येवला_१९३५

त्याचं उत्तर सोपं आहे. हिस्सा परत करा. बाग कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर आहे, त्याला आत्मा लागत नाही.

माईंची_लेक

माझ्या नावावर आहे.

इगतपुरी_रिटर्न

तुम्ही सगळे वाचून बोलताय. धम्मगिरीला दहा दिवस बसा, संवेदना येते-जाते, ‘मी’ कुठेच सापडत नाही. अनुभव आला की वाद संपतो.

रविवार_कारंजा

सापडला नाही हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही १७३९ मध्ये लिहिलं, आसन न घालता. आणि मग पुरवणीत कबूलही केलं की या सुट्या प्रतीती एकत्र कशा बांधल्या जातात ते मला समजावता येत नाही. सापडला नाही यावरून नाही असं निघतं का, हा वाद शिबिरानंतरही उरतो.

पण मला मास्तरांना एक विचारायचंय. धर्मचिंतक जॉन हिक म्हणाला की मेलेल्या माणसाची हुबेहूब प्रत देवाने परलोकात घडवली तर तो तोच माणूस समजायला हरकत नाही. यावरचा आक्षेप बर्नार्ड विल्यम्सच्या युक्तिवादातून येतो. देव एक प्रत करू शकतो तर दोनही करू शकतो. मग दोघांपैकी ‘तो’ कोण? दोन्ही तर असू शकत नाहीत. प्रवाहालाही हीच अडचण नाही का? एका मरणातून दोन जन्म झाले तर?

पाली_मास्तर

तिबेटी परंपरेत ही कल्पना नुसती कल्पना नाही. जामयांग ख्येन्त्से वांगपो १८९२ साली वारले. त्यांचे काया, वाचा, चित्त, गुण आणि कर्म असे वेगवेगळे अवतार मानले गेले, वेगवेगळ्या मठांत, एकाच वेळी हयात. तिथे कोणी ‘खरा कोणता’ म्हणून हाय खाल्ली नाही. प्रवाहवाद्याला हे झेपतं. एका दिव्यावरून दोन दिवे लावले तर पहिली ज्योत नेमकी कुठे गेली हा प्रश्नच तो घेत नाही. तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटही १९८४ साली इथेच आला, ओळख महत्त्वाची नाही, पुढे काय चालू राहतं ते महत्त्वाचं. बुद्ध आपल्याशी सहमत झाला असता असंही त्याने लिहिलंय.

भद्रायणीयांना मात्र हे अवघड. ‘ओझं वाहणारा’ एक धरला की तो दोन ठिकाणी कसा वाहतो ते सांगावं लागतं. आग दोन चुलींत नेली तर तीच आग का, यावर त्यांचं ‘सांगता येत नाही’ मला पळवाट वाटते. म्हणजे कर्ज कोणाचं यात ते सरस, आणि दुभंगलं तर काय यात वसुबंधू सरस. कातळरेघ, तुमच्या संशयाला माझा पाठिंबा इथपर्यंतच.

कातळरेघ

पण मग दुभंगलेल्या प्रवाहात कर्ज कसं वाटायचं? दोघांनी पूर्ण फेडायचं की निम्मं निम्मं? पूर्ण म्हणालात तर एका कर्माचं फळ दोनदा झालं. निम्मं म्हणालात तर कोणीतरी वाटणी करणारा आला, आणि न्यायाधीश नाही असं तुम्हीच वर म्हणालात.

गोदाकाठ

आता कसे बरोबर कृतनाशावर आलात! लिहा मास्तर, मी वाट बघतोय.

पाली_मास्तर

उद्या लिहितो. नातीला क्लासला सोडायचंय. पण ‘फळ दोनदा’ यात चूक काय ते आधी तुम्ही सांगा. एका आगीने दोन शेतं जळाली तर दुसऱ्या शेताची राख खोटी ठरते का?